फ्लूची लस: मे की ऑक्टोबर? आणि नक्की किती महिने टिकते?

निशा_कोथरूड
नमस्कार मंडळी. माझे बाबा ७२ वर्षांचे, डायबेटीस आहे, आणि पूर्वी सिगरेट ओढायचे त्यामुळे फुप्फुसं जरा नाजूकच. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी फ्लूची लस घेतली. आता एप्रिल अर्धा संपत आला. परवा बहीण म्हणाली की पावसाळ्याआधी परत द्यायला हवी, तर आमचे डॉक्टर म्हणतात वर्षाची लस आहे, वर्ष पूर्ण होऊ दे, ऑक्टोबरला या. दोघंही ठाम. त्यात बाबांना जूनच्या शेवटी किंवा जुलैत पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालायचं असतं, ते काही ऐकणार नाहीत, आणि त्या गर्दीत कोण खोकतंय ते विचारूच नका. तर माझा प्रश्न साधा आहे, आता द्यावी की थांबावं? आणि लस नक्की किती महिने काम करते? कुणी वर्ष म्हणतं, कुणी सहा महिने.

पेठेतला_बाळ्या
वर्ष. म्हणूनच तिला वार्षिक लस म्हणतात. डॉक्टर बरोबर बोलतायत, उगाच दीड-दोन हजार घालवू नका. अमेरिकेत पण सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरलाच घेतात, तिथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी तेच सांगते. बघून घ्या.

सुलूताई_ठाणे
निशा, बाबांना हळदीचं दूध आणि वाफ सुरू कर गं. आमच्याकडे सगळ्यांना गेल्या महिन्यात सर्दी झाली ती तीन आठवडे गेली नाही. ही लस सर्दीवर चालते का? चालत असेल तर मीच घेते.

जुना_लॅबवाला
सुलूताई, नाही चालत. नाक गळणं, शिंका ही बहुतेक वेळा वेगळ्याच विषाणूंची कामं असतात. फ्लू म्हणजे अचानक १०२-१०३ ताप, अंग ठेचल्यासारखं, दोन दिवस उठवत नाही. ही लस फक्त इन्फ्लुएन्झावर.

आता मूळ प्रश्न. आधी सांगतो, मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं विषाणूंच्या लॅबमध्ये नमुने तपासायचं काम केलंय, त्यामुळे कुठल्या महिन्यात काय पॉझिटिव्ह येतं ते डोळ्यांनी बघितलंय. बाळ्या म्हणतो ते अमेरिकेपुरतं बरोबर आहे. तिथे फ्लूचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्याकडे पुण्या-मुंबईला मोठी लाट येते पावसाळ्यात, जूनच्या शेवटी चढायला लागते आणि जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर जोरात असते. मग जानेवारी-मार्चमध्ये दुसरी, बहुतेक वर्षी लहान, पण कधीकधी मोठी. २००९ ते २०१३ ह्या काळातले भारतातल्या वेगवेगळ्या शहरांचे आकडे एकत्र तपासले होते, त्यातून हेच निघालं की बहुतेक भारताला लस एप्रिल-मेमध्ये द्यावी, आणि श्रीनगरला मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारण तिथे फ्लू कडाक्याच्या थंडीत येतो.

म्हणजे डॉक्टर कॅलेंडर बघतायत, तुमची बहीण आभाळ बघतेय. मी बहिणीच्या बाजूने.

चेन्नईकर_मुकुंद
लॅबवाले, एक दुरुस्ती. "बहुतेक भारत" मध्ये आम्हाला धरू नका. इथे खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला, परतीच्या मॉन्सूनचा, आणि फ्लू पण तेव्हाच. आमच्या सोसायटीत जुलै कोरडा आणि निवांत जातो. पुण्याच्या सासूबाई फोनवर मे महिन्यातच "लस घेतलीस का" विचारतात, मी हो म्हणून सांगतो आणि सप्टेंबरात घेतो.

जुना_लॅबवाला
बरोबर मुकुंद, चेन्नई-वेल्लोर वेगळं. सासूबाईंना कळू देऊ नका.

पेठेतला_बाळ्या
ठीक आहे, पावसाळा मान्य. पण ऑक्टोबरात घेतलेली लस जुलैमध्ये चालू असणारच की, नऊच महिने झालेत. वर्ष कुठे झालं?

आकडेमोड
बाळ्या, "वार्षिक" म्हणजे वर्षभर टिकते असं नाही, दरवर्षी घ्यावी लागते एवढाच अर्थ. दोन्हीत फरक आहे.

ती हळूहळू उतरते. अमेरिकेत चार मोसमांचे आकडे घेऊन २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात संरक्षण दर महिन्याला साधारण ७ टक्क्यांनी खाली येताना दिसलं, एच१एन१ ह्या फ्लूच्या प्रकारासाठी ६ ते ११. हे टक्के सरळ वजा करायचे, म्हणजे ४५ चे ३८. आता निशाताईंच्या बाबांचंच गणित करू. समजा लस घेऊन दोन आठवडे झाल्यावर संरक्षण ४५ टक्के होतं. ४५ ही मी धरलेली संख्या आहे, चांगली जुळलेली लस असली तर ४० ते ६० असतं आणि वय झालेल्यांत खालच्या बाजूला. ऑक्टोबर मध्यात लस, म्हणजे नोव्हेंबरला ४५. डिसेंबर ३८, जानेवारी ३१, फेब्रुवारी २४, मार्च १७, एप्रिल १०, मे ३. जून, म्हणजे पालखी निघायच्या आधीच, शून्य.

तेच मेच्या मध्याला घेतली तर जून ४५, जुलै ३८, ऑगस्ट ३१, सप्टेंबर २४. अख्खा पावसाळा बऱ्या आकड्यात निघतो. तेवढीच सुई, तेवढेच पैसे, फक्त महिना वेगळा.

निशा_कोथरूड
बापरे. म्हणजे आत्ता बाबा जवळजवळ लस न घेतल्यासारखेच आहेत?

जुना_लॅबवाला
इतकं सरळ धरू नका. आकडेमोडने रेघ पट्टीने ओढलीय, शरीर तसं वागत नाही. त्या अभ्यासातसुद्धा पाच-सहा महिन्यांपर्यंत संरक्षण शून्याच्या वर आहे एवढं नक्की म्हणता आलं, त्यापुढचं अंदाजाचं. आणि फ्लू होणं न होणं एक, आणि झाल्यावर आयसीयूत जाणं न जाणं दुसरं. पण दिशा बरोबर आहे. नऊ-दहा महिन्यांपूर्वीच्या सुईवर ७२ वर्षांच्या डायबेटीसवाल्याने भिस्त ठेवू नये. वय वाढलं की उतार जास्त तीव्र होतो, हॉस्पिटलात भरती झालेल्या रुग्णांच्या आकड्यांमध्येही ते दिसलंय.

मी_नाही_त्यातला
हे सगळं फार्मा कंपन्यांचं गणित. दर सहा महिन्यांनी उतरते म्हणजे दर सहा महिन्यांनी विकता येते. माझ्या मते उतरत वगैरे काही नाही, विषाणू बदलतो म्हणून लागण होते. लस तीच असते, चोर बदलतो.

आकडेमोड
टोमणा सोडला तर मुद्दा अर्धा बरोबर आहे. मोसमाच्या शेवटी विषाणू बदललेला असतो, तेव्हा लस कमी चालली तर ती उतरली म्हणून की चोर बदलला म्हणून, हे वेगळं काढणं अवघड.

आणि अजून एक गंमत आहे जी ह्या अभ्यासांवर टीका करणारेच सांगतात. जरा फुगवलेली उदाहरणं घेतो. लस न घेतलेले १०० जण आणि घेतलेले १०० जण. लस निम्मं संरक्षण देते आणि अजिबात उतरत नाही असं धरा. जुलै-ऑगस्टमध्ये न घेतलेल्यांतले ४० आजारी पडले, घेतलेल्यांतले २०. जे पडले ते त्या मोसमापुरते सुटले, त्यांना परत तोच फ्लू नाही. सप्टेंबरला एका बाजूला ६० उरले, दुसऱ्या बाजूला ८०. आता ६० पैकी वीस टक्के पडले, म्हणजे १२. ८० पैकी दहा टक्के, म्हणजे ८. आपण वरवर बघणारे म्हणणार, जुलै-ऑगस्टला ४० विरुद्ध २०, लस निम्मी चालली, सप्टेंबरला १२ विरुद्ध ८, लस एक तृतीयांशच चालली, बघा उतरली! उतरली काहीच नव्हती, फक्त न घेतलेल्यांतले सोपे गडी आधीच बाद झाले होते.

म्हणून तो ७ चा आकडा मी पोथीसारखा वाचत नाही. खरा उतार त्याहून कमी असू शकतो.

मी_नाही_त्यातला
म्हणजे मी जिंकलो.

जुना_लॅबवाला
अर्धे. कारण कॅलिफोर्नियात एका मोठ्या आरोग्य संस्थेने दुसऱ्या पद्धतीने तपासलं, २०१९ मध्ये आलं ते. त्यांनी लस न घेतलेले लोक बाजूलाच ठेवले. फक्त लसवाले घेतले आणि बघितलं, आधी घेतलेल्याला जास्त होतो की नंतर घेतलेल्याला? दर २८ दिवसांनी फ्लू पॉझिटिव्ह येण्याची शक्यता साधारण १६ टक्क्यांनी वाढत गेली. तिथे आकडेमोडची खोट पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते.

आणि रक्तात तर दिसतंच. लस घेतल्यावर अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात. अमेरिकेतच काही लोकांनी आपला मगज तपासायला दिला, लसीआधी, महिन्याने आणि वर्षाने. महिन्याने ह्या नव्या पेशी वाढलेल्या दिसल्या, वर्षाने जवळजवळ सगळ्या गायब. गोवराची लस आयुष्यभर पुरते कारण तिथे पेशी ठाण मांडून बसतात, फ्लूच्या सुईवाल्या लसीत त्या भाडेकरू निघतात. २०२० मधलं काम आहे हे.

पेठेतला_बाळ्या
भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर. पुण्याची लस दिसतेय.

वैदेही_न्यूजर्सी
माझी केस जरा वेगळी आहे. आई-बाबा (६९ आणि ७४) पुण्याहून ऑक्टोबरात इकडे येतायत, मार्चपर्यंत राहणार. वरचं वाचून त्यांनी मेमध्ये तिकडे घेतली तर इथल्या डिसेंबर-जानेवारीत ती संपत आलेली असणार. मग मेमध्ये सोडून द्यायची का, आणि इथे आल्यावर घ्यायची?

जुना_लॅबवाला
सोडू नका. मे ते ऑक्टोबर ते पुण्याच्या पावसात आहेत, ती लाट त्यांच्यावरूनच जाणार. मेमध्ये तिकडे, आणि उतरल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्याकडे परत. दोन डोसांत किमान चार आठवडे अंतर हवं, तुमच्याकडे पाच महिने आहेत. शिवाय तिथे ६५ च्या पुढच्यांना जास्त ताकदीची लस प्राधान्याने देतात, ती फार्मसीत विचारा. व्हिजिटरचा इन्शुरन्स बहुधा देणार नाही, खिशातून भरायची तयारी ठेवा. आणि पुण्याच्या सुईचा कागद सोबत आणायला सांगा, नाहीतर फार्मसिस्टच्या प्रश्नांना उत्तर देताना बाबा "ते मागच्या पावसाळ्यात काहीतरी टोचलं होतं" म्हणतील.

वैदेही_न्यूजर्सी
अगदी हेच म्हणतील. धन्यवाद काका.

मेलबर्नचा_गणू
आमच्याकडे तर उलटी गंगा, एप्रिल-मेमध्ये लस, जून ते सप्टेंबर फ्लू. म्हणजे पुणे आणि मेलबर्न एकाच वेळापत्रकावर! इथली लस आणि तिथली मेमधली लस एकच असते का?

जुना_लॅबवाला
गणू, तू नेमका तो धागा पकडलास ज्यावर डॉक्टरांचाही गोंधळ होतो.

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते लसीत कुठले विषाणू घालायचे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. मग कंपन्यांना बनवायला सहा महिने लागतात. पुणे नकाशावर उत्तर गोलार्धात, पण फ्लूच्या वेळेने दक्षिणेशी जुळतं. दक्षिणेची लस आपल्याकडे मार्च-एप्रिल-मेच्या सुमाराला येते, आणि उत्तरेची ऑगस्ट-सप्टेंबरनंतर. निशाताईंच्या बाबांना ऑक्टोबरात मिळाली ती उत्तरेची २०२५-२६ ची असणार. आता मेमध्ये मिळायला हवी ती दक्षिणेची २०२६ ची.

खोक्यावरच कळतं. दोन वर्षं जोडून लिहिली असतील, २०२५-२६ असं, तर उत्तरेची. एकच वर्ष, २०२६, तर दक्षिणेची. आणि बाजूला स्ट्रेनची, म्हणजे विषाणूच्या नेमक्या वाणांची नावं असतात. गेल्या वर्षी दोघींत फरकच नव्हता, २०२५ ची दक्षिण आणि २०२५-२६ ची उत्तर, दोन्हीत तेच. ह्या वेळी दक्षिणेच्या लसीत ए प्रकारचे दोन्ही विषाणू बदललेत. अंड्यात वाढवलेली लस असेल तर एच१एन१ साठी व्हिक्टोरिया/४८९७/२०२२ जाऊन मिसूरी/११/२०२५ आलाय आणि एच३एन२ साठी क्रोएशियाच्या जागी सिंगापूर. बी प्रकारचा तोच, ऑस्ट्रिया. म्हणून नर्सला सुई भरायच्या आधी नम्रपणे म्हणायचं, खोका बघू का. मिसूरी दिसला की नवी.

पारिजात
काका, आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेल्या आठवड्यात विचारलं तर फ्रीजमध्ये जुनाच साठा होता, मुदत अजून संपलेली नाही म्हणाले, देऊ का? मी नको म्हणून आले. बरोबर केलं ना?

जुना_लॅबवाला
एप्रिलमध्ये बरोबर. मुदत संपलेली नाही म्हणजे बाटली खराब नाही एवढंच, ती कालच्या विषाणूची आहे. मेच्या मध्यापर्यंत वाट बघायला हरकत नाही, तोवर नवी येते. पण जून उजाडला आणि नवी मिळालीच नाही तर जुनी घ्यायची, बी तर तोच आहे आणि ए पण अगदी परका नसतो. शरीराला तयार व्हायला दोन आठवडे लागतात. ढग जमल्यावर छत्री शोधत बसलं की भिजायचंच.

निखिल_ह
मला तीनवाली लस दिली. मित्राला गेल्या वर्षी चारवाली मिळाली होती. डॉक्टरने फसवलं का?

आकडेमोड
नाही. चौथा विषाणू होता बी यामागाता. मार्च २०२० नंतर तो जगात कुठे नीट सापडलेलाच नाही, कोविडच्या टाळेबंदीत बहुधा संपला. जो नाही त्याच्यावर लस कशाला, म्हणून काढायला सांगितलं. अमेरिकेत २०२४-२५ पासून सगळ्या तीनवाल्याच.

मी_नाही_त्यातला
टाळेबंदीत एक विषाणू गेला हे कुणी सांगितलंच नव्हतं. निदान काहीतरी गेलं.

माधवी_गरोदर
माझा सहावा महिना लागतोय, तारीख ऑगस्टच्या शेवटी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या फ्लूची घे, पण कधी घेऊ? आता घेतली तर बाळ येईपर्यंत उतरेल ना वरच्या हिशोबाने?

जुना_लॅबवाला
तुमच्यात दोन माणसांचा हिशोब आहे, म्हणून वेगळा. बाळाला पहिले सहा महिने ही लस देताच येत नाही. तुमच्या अँटिबॉडी शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून त्याच्याकडे जातात, तेवढंच त्याचं भांडवल. पण जुलैच्या लाटेत तुम्ही स्वतः आठव्या महिन्यात असणार आणि त्या वेळी फ्लू फार वाईट, श्वासाला जागाच कमी असते. म्हणून मेच्या शेवटी, नवी आली की लगेच. तेव्हा सातवा लागत असेल, तुम्ही लाटेआधी तयार आणि नाळेतून जायलाही वेळ. ही मेलेल्या विषाणूची लस आहे, तिने फ्लू होत नाही. नाकात फवारायची वेगळी असते, ती गरोदरपणात नको.

अरुंधती_नर्स
माधवी, सरकारी दवाखान्यात एकदा चौकशी कर, महाराष्ट्रात गरोदर बायकांना मोफत द्यायची योजना आहे, साठा असेल तर मिळते. आणि सगळ्यांना एक सांगते, लस मेडिकलमधून घेऊन पिशवीत टाकून दुपारी स्कूटीवरून डॉक्टरकडे नेऊ नका हो. दोन ते आठ डिग्रीत राहायला लागते. मेच्या उन्हात पर्समध्ये अर्धा तास म्हणजे काय होतं विचार करा, आणि ती गोठली तरी वायाच. बर्फाच्या पाकिटाला चिकटवून आणणारे पण बघितलेत. जिथे फ्रीजमध्ये थर्मामीटर दिसतो तिथेच घ्या.

पेठेतला_बाळ्या
२००९ चा ऑगस्ट आठवतोय का कुणाला? देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातला होता, शाळेतली मुलगी. शाळा बंद, थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, रुमाल बांधलेली अख्खी लक्ष्मी रोड. गणपती शांत गेले त्या वर्षी. ऑगस्ट होता, हे आत्ता लिहिताना जाणवलं. पावसाळाच.

चेन्नईकर_मुकुंद
पण २०१५ ची मोठी लाट जानेवारी ते मार्चची होती ना? तेव्हा मी नागपूरला होतो, फेब्रुवारीत ऑफिसात सॅनिटायझर ठेवले होते. मग मेमध्ये घेतलेली लस त्या लाटेला कशी पुरणार? आकडेमोडच्याच हिशोबाने जानेवारीला शून्य.

आकडेमोड
हो. हीच खरी अडचण आहे आणि तिला सरळ उत्तर नाही. जिथे वर्षात एकच लाट तिथे गणित सोपं. आपल्याकडे दोन, आणि मोठी कोणती असणार ते आधी कळत नाही, पावसाळ्याची असण्याची शक्यता जास्त एवढंच.

निशा_कोथरूड
मग बाबांना वर्षातून दोनदा द्यायची का? मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये?

जुना_लॅबवाला
सिंगापूरला म्हाताऱ्या माणसांवर हे करून बघितलंय, तिथेही फ्लू वर्षभर फिरत असतो. सहा महिन्यांनी दुसरा डोस दिला तर अँटिबॉडी वर राहिल्या. हाँगकाँगला असंच केलं तेव्हा मात्र एच३एन२ च्या बाबतीत वारंवार टोचल्याने प्रतिसाद जरा मंदावलेला दिसला. दोन्ही छोटे अभ्यास. त्यामुळे सगळ्यांनी सरसकट दोनदा घ्या असं आपल्याकडे कुणी सांगत नाही. बाबांसारखी फुप्फुसं असतील तर डॉक्टरशी बोलून ठरवायचा प्रश्न आहे, मी इथे बसून हो म्हणणार नाही.

अरुंधती_नर्स
माझं मत वेगळं आहे काका. वर्षातून एकदाच आठवण करून आणताना नाकी नऊ येतात. आमच्याकडे "मेमध्ये या" सांगितलेले निम्मे पेशंट जुलैत ताप घेऊन येतात. महिन्याचा हा कीस काढून लोक "योग्य वेळ" शोधत बसतात आणि घ्यायचीच राहते. माणूस समोर आहे, बाही वर आहे, लस फ्रीजमध्ये आहे, तर टोचा.

आकडेमोड
अरुंधतीताई, तुमच्या बाजूने अमेरिकेतला एक हिशोबही आहे. ऑगस्टऐवजी ऑक्टोबरला दिली तर म्हाताऱ्यांतल्या किती केसेस वाचतील, ते कॉम्प्युटरवर मांडून बघितलं होतं. उतार तीव्र असेल तर फायदा आहे, पण उशीर केल्याने थोडे लोक जरी यायचे राहिले तर तो फायदा पुसला जातो. तरीही ते प्रकरण एक-दोन महिने इकडेतिकडे करण्याचं आहे. निशाताईंचे डॉक्टर पावसाळा उलटून जाऊ द्या म्हणतायत, ते ह्यात बसत नाही.

पारिजात
मुलांचं कुणीच बोललं नाही. माझी मुलगी चार वर्षांची, पहिल्यांदाच घेणार. आमचे डॉक्टर दोन डोस म्हणाले, एक महिन्याच्या अंतराने. शाळा १५ जूनला सुरू.

अरुंधती_नर्स
हो, नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदा घेत असेल तर दोन, चार आठवड्यांनी. त्यामुळे तुला मेच्या मध्याची वाट बघून चालणार नाही गं. शाळेआधी दोन्ही व्हायचे आणि वर दोन आठवडे द्यायचे तर पहिला एप्रिलच्या शेवटीच हवा. पुढच्या वर्षीपासून एकच.

पारिजात
अरे देवा. मग मी जुनी नको म्हणून आले ते?

जुना_लॅबवाला
उद्या फोन करा, नवी आली का विचारा. काही ठिकाणी एप्रिलमध्येच येते. दुसऱ्या दवाखान्यातही विचारा. महिनाअखेरपर्यंत कुठेच नसेल तर पहिला डोस जुन्याचा आणि दुसरा नव्याचा चालतो, शरीराला पहिली ओळख करून द्यायची असते. शाळेच्या दिवशी एकच डोस झालेला असला तरी आकाश कोसळत नाही, दुसरा जूनमध्ये द्या, पण द्या.

सुलूताई_ठाणे
एवढं वाचून मी पण घ्यायचं ठरवलंय, ६६ पूर्ण झाली. फक्त सर्दी झाल्यावर भांडायला येईन हां लॅबवाले.

निशा_कोथरूड
अपडेट. डॉक्टरांना फोन केला, त्यांना पावसाळ्याचं सांगितलं, ते म्हणाले मी दरवर्षी ऑक्टोबरला देतो कारण तेव्हा कंपनीचा माणूस येतो. 🙂 पण नाही म्हणाले नाहीत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात २०२६ ची मागवून ठेवतो म्हणाले, तुम्ही सांगितलं तसं खोका दाखवायचंही कबूल केलंय. नोव्हेंबरच्या दुसऱ्या डोसावर मात्र ते आणि बहीण परत वेगळं बोलतायत, ते तेव्हा बघू. बाबांचं म्हणणं लस कधीही द्या, पालखीच्या आदल्या दिवशी नको, दंड दुखला तर पिशवी कोण उचलणार.

मेलबर्नचा_गणू
पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायला सांगा.

माधवी_गरोदर
अरुंधतीताई, सरकारी दवाखान्यात विचारलं, साठा मेअखेर येईल म्हणाले, नाव लिहून घेतलंय. धनुर्वाताची त्याच दिवशी घेतली तर चालते का?

अरुंधती_नर्स
चालते, दुसऱ्या दंडात. कार्ड घेऊन जा.